एका स्क्रीनशॉटमध्ये सहा प्रश्न: ज्याचं उत्तर त्यालाच मिळावं म्हणून

कोल्हापुरात राजारामपुरी, शाहूपुरी, मंगळवार पेठ अशा भागांत अभ्यासिका चालतात. भरतीची आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी पोरं तिथं दिवसभर बसलेली असतात, आणि त्यांतली बरीच चंदगड, शाहूवाडी, आजरा अशा लांबच्या तालुक्यांतून आलेली असतात. सुट्टीला गावी गेली की त्यांच्या शंका व्हॉट्सअपवर सुरू होतात. सराव प्रश्नपत्रिकेच्या पीडीएफचा एक स्क्रीनशॉट येतो आणि खाली लिहिलेलं असतं, "दादा, ४१ ते ४६ चं सांगा की. ४३ आणि ४५ तर डोक्यातच शिरंना."

अशा शंकांना उत्तरं देण्याचं काम ज्यांनी नुकतंच हाती घेतलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. प्रश्न सोडवता येणं ही एक गोष्ट. सोडवलेलं उत्तर नेमक्या त्याच प्रश्नासमोर पोचवणं हे वेगळं काम आहे, आणि गणित पक्कं असलेली माणसंही इथं घसरतात. पोराला उत्तर चुकीचं मिळालं तर ते निदान वाद घालतं. बरोबर उत्तर चुकीच्या प्रश्नासमोर गेलं तर मात्र ते चुकीची गोष्ट पाठ करून बसतं, आणि तुमच्या लक्षातही येत नाही.

एकच स्क्रीनशॉट घेऊन सगळी पद्धत दाखवतो. मजकूर मी तयार केलेला आहे, पण मांडणी अगदी नेहमीची आहे.

पान दोन रकान्यांचं आहे. डाव्या रकान्यात सगळ्यात वर नुसते चार पर्याय दिसतात: (१) १२ (२) १५ (३) १८ (४) २०. त्यांच्या वर काहीच नाही, फोटो तिथंच कापला गेलाय. त्याखाली पुढचे प्रश्न आहेत.

४१. राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा जाहीरनामा कोणत्या वर्षी काढला? (१) १८९४ (२) १९०२ (३) १९१७ (४) १९२०

४२. ५१, ५३, ५७, ५९, ९१ यांपैकी मूळ संख्या किती आहेत? (१) ४ (२) ३ (३) २ (४) १

४३. छापील किमतीवर आधी २० टक्के व नंतर उरलेल्या किमतीवर १० टक्के सूट दिली, तर एकूण सूट किती टक्के?

इथं डावा रकाना संपतो. उजव्या रकान्याची सुरुवात पुन्हा नुसत्या पर्यायांनी होते: (१) ३० (२) २८ (३) २५ (४) ३२. मग एक सूचना येते.

सूचना (प्र. ४४ व ४५ साठी): नळ अ एक टाकी ६ तासांत भरतो, नळ ब तीच टाकी १२ तासांत भरतो.

४४. दोन्ही नळ एकत्र सुरू केले तर टाकी किती तासांत भरेल? (१) ३ (२) ४ (३) ६ (४) ९

४५. दोन्ही नळ एकत्र सुरू करून २ तासांनी नळ अ बंद केला, तर उरलेली टाकी भरायला नळ ब ला किती तास लागतील? (१) ४ (२) ५ (३) ६ (४) ८

४६. एका रांगेत सुजय डावीकडून १४ वा व उजवीकडून १९ वा आहे, तर रांगेत एकूण

आणि फोटो संपला.

सोडवायला घेऊ नका, आधी कडा बघा

व्हॉट्सअपवर उभा लांब फोटो आला की चॅटमध्ये त्याचा कापलेला तुकडाच दिसतो. त्यामुळे पहिलं काम म्हणजे फोटो उघडायचा आणि चारही कडा बघायच्या. वरची कड एखाद्या प्रश्नाच्या मधूनच कापलीय का? खालच्या कडेला वाक्य पूर्ण होतंय का? मधे उभी मोकळी पट्टी आहे का, म्हणजे पान दोन रकान्यांचं आहे का? दोन रकाने असतील तर फोनमधल्या फोटो एडिटरने त्या मोकळ्या जागेत एक उभी रेघ ओढून घ्या. डोळा आडवा वाहत जातो, रेघेमुळे तो थांबतो. रेघ नसेल तर वरवर वाचणाऱ्याला ४१ च्या शेजारी ३०, २८, २५, ३२ हे पर्याय दिसतात आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

अक्षर फुटलेलं असेल तर अंदाजावर पुढं जाऊ नका. आपल्या देवनागरी आकड्यांत पुसट फोटोत १ आणि ९, तसेच ५ आणि ६ एकमेकांसारखे दिसतात. प्रश्न क्रमांकातला आकडा पुसट असेल तर शेजारच्यांवरून लावता येतो, कारण ४१ आणि ४३ च्या मधे ४२ च असणार. प्रश्नाच्या आतला आकडा असा लावता येत नाही. सुजय उजवीकडून १९ वा की ११ वा, हे फोटोत स्पष्ट नसेल तर विचारावंच लागतं. पोराला सांगायचं, "फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर पीडीएफच पाठव." तसं पाठवलं की फोटो दाबला जात नाही आणि आकडे स्वच्छ येतात. तीन-चार पानं एकाच लांब स्क्रीनशॉटमध्ये गुंडाळून पाठवलेली असतील तर हे हमखास लागतं.

मोजणी जुळली म्हणून हुरळून जाऊ नका

आता आपल्या स्क्रीनशॉटमध्ये एक मोजणी करून बघा. प्रश्न किती? ४१ ते ४६, म्हणजे सहा. पर्यायांचे संच किती? अगदी वरचा १२-१५-१८-२० हा एक, ४१ चा, ४२ चा, उजवीकडे वरचा ३०-२८-२५-३२ हा, ४४ चा आणि ४५ चा. तेही सहाच. नवा माणूस म्हणतो, सहाला सहा, जुळलं. प्रत्यक्षात पहिल्या संचाचा प्रश्न फोटोत नाही आणि शेवटच्या प्रश्नाचा संच फोटोत नाही. दोन तुकडे एकमेकांना झाकून टाकतात आणि बेरीज बरोबर येते. या बेरजेवर विश्वास ठेवून ओळीने जोड्या लावल्या की प्रत्येक प्रश्नाला त्याच्या आधीच्या प्रश्नाचे पर्याय मिळतात.

म्हणून नुसती संख्या मोजण्याऐवजी प्रत्येक संचाचा मालक शोधायचा. ही प्रश्नपत्रिका पर्याय नेहमी प्रश्नाच्या खाली छापते, हे ४१ आणि ४२ वरून दिसतं. मग अगदी वरचा संच ४१ च्या वर आहे म्हणजे तो ४१ चा असूच शकत नाही. तो ४० चा. उजव्या रकान्याच्या माथ्यावरचा संच हा डाव्या रकान्याच्या तळाशी असलेल्या प्रश्नाचा, म्हणजे ४३ चा. इथं आशयही साक्ष देतो: प्रश्न टक्केवारीचा आहे आणि २० व १० यांच्या बेरजेचा ३० हा फसवा पर्याय त्या संचात पहिलाच आहे. तो संच पाठोपाठच्या दोन सुटींसाठीच बनवलाय, हे गणित शिकवणाऱ्याला लगेच कळतं.

रिकामी यादी

यानंतर कागदावर फक्त क्रमांक लिहायचे, एकाखाली एक, उत्तराची जागा मोकळी ठेवून. क्रमांक छापलेलेच घ्यायचे. "पहिला प्रश्न, दुसरा प्रश्न" अशी आपली वेगळी मोजणी सुरू करायची नाही, कारण पोराच्या वहीत ४१ लिहिलेला असतो, आणि तुमचा "पहिला" म्हणजे त्याचा ४० की ४१ हे त्याने कशावरून ठरवायचं?

प्रत्येक क्रमांकासमोर प्रश्नाची ओळख दोन-तीन शब्दांत लिहा. ४१ समोर "शाहू महाराज, जाहीरनामा". ४२ समोर "मूळ संख्या किती". ४३ समोर "दोन सुटी". ४४ आणि ४५ दोन्ही नळांचेच, त्यामुळे नुसतं "नळ" लिहून चालत नाही. ४४ ला "दोन्ही नळ शेवटपर्यंत" आणि ४५ ला "अ बंद, उरलेली टाकी" असं लिहा. "उरलेली" हा शब्द मी मुद्दाम घेतलाय. तो सुटला तर डोकं सुरुवातीपासूनचे एकूण तास मोजतं, ते आठ येतात, आणि ८ हा पर्यायही तिथं ठेवलेला आहे. ओळखीचे शब्द निवडताना प्रश्नातला कळीचा शब्द निवडला तर यादी करता करताच प्रश्न नीट वाचून होतो.

४४ आणि ४५ ला कंस घालून बाजूला "६ तास, १२ तास" ही सामाईक माहिती लिहून ठेवा. सूचना किती प्रश्नांसाठी आहे हे तिच्या कंसात दिलेलं असतं, तेवढ्यांनाच ती लावायची. ४६ ला तिचा संबंध नाही. प्रश्न सुटे करून दुसऱ्या कुणाला सोडवायला देणार असाल तर ४५ सोबत सूचना गेलीच पाहिजे. नाहीतर त्याच्याकडे नळ असतात, पण तास नसतात.

यादीत ४० आणि ४६ पण लिहा. ४० समोर "प्रश्न नाही", ४६ समोर "अपुरा, पर्याय नाहीत". अपुऱ्या गोष्टीला यादीत जागा दिली नाही की तिच्या पुढचं सगळं सरकतं.

हवं त्या क्रमाने सोडवा, पण लिहा त्याच्याच जागेवर

यादी तयार झाली की कोणताही प्रश्न आधी घ्या. ४१ आठवणीतला आहे, लगेच होतो: १९०२, पर्याय (२). या प्रश्नातली चारही वर्षं शाहू महाराजांच्या चरित्रातली खरी वर्षं आहेत हे बघून ठेवा. १८९४ ला राज्यारोहण, १९०२ ला राखीव जागांचा जाहीरनामा, १९१७ ला सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय, १९२० ला माणगाव परिषद. या माहितीचं काम पुढं पडणार आहे.

४२ मध्ये ५१ म्हणजे ३ गुणिले १७, ५७ म्हणजे ३ गुणिले १९, ९१ म्हणजे ७ गुणिले १३. उरल्या ५३ आणि ५९. म्हणजे मूळ संख्या दोन. आता थांबा, कारण या स्क्रीनशॉटमधला सगळ्यात वाईट सापळा इथं आहे. उत्तर २ आहे, पण २ हा आकडा पर्याय (३) वर छापलाय. पर्याय (२) वर ३ छापलाय. तुम्ही "४२ चं उत्तर २" असं लिहिलंत तर तुमच्या दृष्टीने ते बरोबर आणि पोराच्या दृष्टीने पर्याय (२), म्हणजे तीन संख्या. उलट "४२ – ३" लिहिलंत तर गणित समजलेलं पोर म्हणेल, दादांचं चुकलं, दोनच आहेत की. दोन्हीकडून घोळ. जिथं पर्यायांतच १ ते ४ मधले आकडे आहेत तिथं नुसता आकडा कधीच लिहायचा नाही. पर्यायाचा क्रमांक कंसात आणि त्यापुढं प्रत्यक्ष उत्तर, दोन्ही लिहायचं. मी हा नियम सगळ्याच प्रश्नांना लावतो. कुठं लागतो आणि कुठं नाही हे ठरवत बसण्यापेक्षा सवय लावून घेणं सोपं जातं.

४३: शंभराचे ८० होतात, ८० वर दहा टक्के म्हणजे ८, उरतात ७२. एकूण सूट २८ टक्के, पर्याय (२).

४४: एका तासात अ टाकीचा सहावा भाग भरतो, ब बारावा. मिळून एक चतुर्थांश. म्हणजे ४ तास, पर्याय (२). ४५: दोन तासांत निम्मी टाकी भरली. उरलेली निम्मी एकटा ब ६ तासांत भरतो, पर्याय (३).

४६: १४ आणि १९ ची बेरीज करून सुजय दोनदा मोजला गेला म्हणून एक वजा, ३२. पण वाक्य अर्धवट आहे. बहुतेक ते "किती जण आहेत?" असंच संपत असेल, तरी पुढच्या ओळीत "आणखी ५ जण आले तर" असं काही असू शकतं. त्यामुळे ३२ लिहायचं, पण अटीसह.

उत्तरांची नुसती रांग कशी बुडवते

घाईत असलेला माणूस आता "२, ३, २, २, ३" एवढंच पाठवतो. दिसायला सुटसुटीत. पोर मात्र स्क्रीनशॉट वरून वाचायला लागतं आणि त्याला पहिला संच दिसतो तो ४० चा. त्याच्या मोबाईलवर आधीचं पान आहे, ४० चा प्रश्न त्याला पूर्ण दिसतो. तो पहिलं उत्तर ४० ला लावतो आणि रांग एकेक घर सरकते. मग काय होतं बघा. ४१ ला मिळतो पर्याय (३), १९१७. ते वर्ष शाहू महाराजांच्या संदर्भात त्याने वाचलेलं असतं, त्यामुळे शंकाही येत नाही. ४२ ला पर्याय (२), म्हणजे तीन संख्या, चूक. ४३ ला पर्याय (२), बरोबर! ४४ ला पर्याय (३), ६ तास, चूक.

मधलं ४३ योगायोगाने बरोबर आलं, हाच खरा धोका. सगळीच उत्तरं चुकली असती तर पोराला वाटलं असतं की काहीतरी सरकलंय. काही बरोबर, काही चूक अशी आली की त्याला वाटतं दादांना हे दोन प्रश्न जमले नाहीत, किंवा मलाच समजत नाही. त्यामुळे कुणी तक्रार घेऊन आलं की सलग दोन-तीन चुका शेजारीशेजारी आहेत का ते आधी बघा. असतील तर गणित तपासण्याआधी क्रमांक तपासा.

उत्तराचा मजकूर असा पाठवावा

प्र. ४० – फक्त पर्याय दिसतात, प्रश्न दिसत नाही. हवा असेल तर आधीचं पान पाठव.
प्र. ४१ (शाहू महाराज, जाहीरनामा) – पर्याय (२) : १९०२
प्र. ४२ (मूळ संख्या किती) – पर्याय (३) : २ संख्या, ५३ व ५९
प्र. ४३ (दोन सुटी) – पर्याय (२) : २८ टक्के
प्र. ४४ (दोन्ही नळ शेवटपर्यंत) – पर्याय (२) : ४ तास
प्र. ४५ (अ बंद, उरलेली टाकी) – पर्याय (३) : ६ तास
प्र. ४६ (रांग, १४ वा व १९ वा) – पर्याय दिसत नाहीत. "एकूण किती जण" एवढंच विचारलं असेल तर ३२. पुढची ओळ पाठव.

कंसातली ओळख काढून टाकायचा मोह होतो, कारण ती टाइप करायला वेळ लागतो. ठेवा ती. क्रमांक चुकला तरी ओळख बरोबर असते आणि वाचणाऱ्याला विसंगती दिसते. "प्र. ४४ (अ बंद)" असं चुकून लिहिलं गेलं तर पोर स्वतःच विचारतं, "दादा, अ बंद केलेला तर ४५ आहे नव्हं?"

ओळीच्या सुरुवातीला नुसता "४१." न लिहिता "प्र. ४१" लिहिलंय, त्यालाही कारण आहे. वर्डसारख्या ठिकाणी ओळीची सुरुवात क्रमांकाने केली की यादी आपोआप तयार होते आणि पुढचे क्रमांक यंत्र घालतं. मधला एक प्रश्न वगळला की यंत्राला ते कळत नाही, ते वगळलेला क्रमांकच पुढच्या उत्तराला देऊन टाकतं. आधी "प्र." असलं की क्रमांक तुमच्याच हातात राहतो.

४३ आणि ४५ समजले नाहीत असं पोरानं सांगितलं होतं. त्या दोघांचं स्पष्टीकरण यादीत घुसवू नका. आधी यादी पूर्ण पाठवा. मग प्रत्येक स्पष्टीकरणाचा वेगळा संदेश करा आणि त्याच्या पहिल्या ओळीत पुन्हा क्रमांक व ओळख लिहा. यादीच्या पोटात दहा ओळींचं गणित आलं की त्यातले आकडे पुढच्या प्रश्नाची उत्तरं वाटायला लागतात. आवाजी संदेश पाठवणार असाल तर एका प्रश्नाला एकच संदेश, आणि बोलायला सुरुवात करतानाच "पंचेचाळीस, नळ बंद केलेला" असं म्हणा. सहा प्रश्न एका दमात सांगितले तर ऐकणाऱ्याला मागं-पुढं करून एक प्रश्न शोधता येत नाही.

पाठवण्याआधी खालून वर

तपासणी वरून खाली केली तर आपण मघाचाच विचार परत करतो आणि तीच चूक परत करतो. म्हणून मी शेवटच्या उत्तरापासून सुरू करतो: उत्तर वाचायचं, मग स्क्रीनशॉटमध्ये तो छापलेला क्रमांक बोटाने शोधायचा, आणि त्या क्रमांकाच्या पर्यायांत हे उत्तर त्याच कंसात आहे का ते बघायचं. ४५, सहा तास, कंसात (३), आहे. ४४, चार तास, कंसात (२), आहे.

काही अदलाबदल एककावरून पकडली जाते. वर्षाच्या प्रश्नाला टक्के आले की लगेच टोचतं. पण ४४ आणि ४५ कडे बघा. दोन्हींचं उत्तर तासांत. ४४ च्या पर्यायांत ६ आहे आणि ४५ च्या पर्यायांत ४ आहे. ही दोन उत्तरं एकमेकांच्या जागी गेली तर दोन्ही ठिकाणी ती पर्याय म्हणून सापडतात आणि काहीच टोचत नाही. सामाईक माहितीवरच्या प्रश्नांत असे पर्याय नेहमी असतात, कारण प्रश्न काढणारा एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात फसवा पर्याय म्हणून ठेवतो. इथं पर्यायात सापडलं म्हणून समाधान मानायचं नाही, उत्तर प्रश्नात घालून बघायचं. दोन्ही नळ मिळून टाकीला ६ तास लागतील का? एकटा अ च ६ तासांत भरतो, मग ब जोडीला आल्यावर कमी लागायला पाहिजेत. म्हणजे ६ हे ४४ चं उत्तर असूच शकत नाही. एवढ्या एका वाक्याच्या तपासणीने अदलाबदल उघडी पडते.

बोर्डाच्या पेपराचा फोटो असेल तर

दहावीच्या पेपरात क्रमांकाला तीन मजले असतात: प्र. २, त्यात (अ) आणि (ब), त्यात (१), (२), (३). "२ चा ३ रा" असं लिहिलं तर (अ) मधला की (ब) मधला हे कळत नाही. अख्खा पत्ता लिहायचा: प्र. २ (ब) (३). बहुतेक वेळा स्क्रीनशॉटमध्ये नुसता (३) दिसतो आणि वरचा प्र. २ (ब) आधीच्या पानावर राहिलेला असतो. तेव्हा विचारून घ्या. त्याच पेपरात (३) क्रमांकाचे आणखी प्रश्न असतात.

गटात उत्तर देताना

एकट्याला उत्तर देणं सोपं. अभ्यासिकेच्या गटात एकाच संध्याकाळी दोघांनी दोन वेगळ्या पेपरांचे स्क्रीनशॉट टाकले की दोन्हींत ४१ असतो. तेव्हा उत्तर त्या फोटोलाच रिप्लाय करून द्या, म्हणजे फोटोचं छोटं चित्र उत्तराला चिकटून राहतं. पहिल्या ओळीत पेपरचं नाव लिहा. स्पर्धा परीक्षांच्या प्रश्नपुस्तिकांना ए, बी, सी, डी असे संच असतात, त्यांत तेच प्रश्न वेगळ्या क्रमाने येतात. म्हणून संचाचं अक्षरही लिहा. एकाच्या संचातला ४१ दुसऱ्याच्या संचात ६८ असू शकतो. दोघांचे संच वेगळे असतील तर कंसातली ओळख हाच त्यांना जोडणारा धागा. आणि उत्तरतालिकेशी ताडून बघताना तिच्यावरचं संचाचं अक्षर आधी वाचा, मग आकडे.

दुरुस्ती करायची वेळ आली तर जुना संदेश गुपचूप बदलू नका. व्हॉट्सअपवर पाठवलेला संदेश पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतो, पण तोवर कुणीतरी जुनं उत्तर वहीत उतरवलेलं असतं, आणि बदल झाल्याचं त्याला कळत नाही. नवा संदेश टाका: "दुरुस्ती. प्र. ४५ (अ बंद, उरलेली टाकी): आधी पर्याय (४) लिहिला होता, बरोबर पर्याय (३) : ६ तास. बाकीची उत्तरं आहेत तशीच." शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसलं की बाकीच्या पाच उत्तरांविषयी पाच जण वेगवेगळं विचारत येतात.

उरलेल्या पानाचा फोटो आला की ४० आणि ४६ ची दोनच उत्तरं पाठवा, तशाच पूर्ण ओळींत. ४६ चे पर्याय आता दिसतील, तेव्हा ३२ कोणत्या कंसात आहे ते लिहा. आणि वाक्याची पुढची ओळ वेगळीच निघाली तर मघाचं ३२ रद्द आहे, हे त्याच ओळीत स्पष्ट सांगा.